पोर्टिंग नाकारलं, पण कोणी आणि का?

वाचकाचं पत्र

माझा पोस्टपेड नंबर अकरा वर्षं एकाच कंपनीकडे आहे. घरात रेंज येत नाही म्हणून नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जायचं, म्हणजे पोर्टिंग करायचं ठरवलं. २ जूनला १९०० वर एसएमएस केला, लगेच कोड आला, त्यावर ६ जूनपर्यंतची मुदत होती. ३ जूनला नव्या कंपनीच्या दुकानात फॉर्म भरला, फोटो काढला, सही केली. विनंती मिळाल्याचा एसएमएस आला तो थेट ७ जूनला, आणि ८ तारखेला ती नाकारल्याचा. १० जूनला पुन्हा एसएमएस केला, तर बिल थकीत आहे म्हणून कोडच दिला नाही. मी बिल भरलेलं आहे! पावती आहे. कॉल सेंटरला तीन वेळा फोन केला, तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. आता कंपनीला सरळ पत्र लिहून कारण विचारायचं आणि नवीन कोड मागायचा, असं ठरवलंय. पत्र कसं लिहू? कोणाला लिहू? बिल, पावती आणि मी केलेला कच्चा मसुदा सोबत जोडला आहे.

— एक वाचक, सांगली

उत्तर

तुमचा तीन पानी मसुदा दोनदा वाचला. राग रास्त आहे, पण त्या मसुद्याचं उत्तर काय येईल ते मी आत्ताच सांगू शकतो: ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.’ काही वर्षं एका मोबाइल कंपनीच्या बिलिंग विभागात बसून अशी उत्तरं मीही पाठवली आहेत. ज्या पत्रात एकाच वेळी चार तक्रारी असतात, त्यातल्या सगळ्यात सोप्या तक्रारीला उत्तर देऊन मोकळं व्हायचं, हा तिथला जुना शिरस्ता. म्हणून पत्राकडे जाण्याआधी तुमच्या प्रकरणाच्या गाठी सोडवून घेऊ.

तुम्हाला एकदा नव्हे, दोनदा नकार मिळाला आहे, आणि हे दोन नकार वेगवेगळ्या दारांतून आले आहेत. ८ जूनच्या नकाराशी तुमच्या जुन्या कंपनीचा काही संबंध नाही. कोडची मुदत ६ जूनला संपली. महाराष्ट्रात हा कोड चारच दिवस चालतो. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे मात्र तीस दिवस. तुम्ही फॉर्म ३ तारखेला भरलात, पण विनंती मिळाल्याचा एसएमएस आला ७ तारखेला. म्हणजे मधले दिवस तुमचा अर्ज दुकानातच पडून होता, सिस्टीममध्ये गेलाच नव्हता. गेला तेव्हा कोड शिळा झालेला, म्हणून तो परत आला. यात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. पुढच्या वेळी फॉर्म भरल्यावर विनंती मिळाल्याचा एसएमएस येईपर्यंत काउंटर सोडू नका, किंवा निदान त्याच संध्याकाळी तो आला की नाही ते बघा. नाही आला तर अर्ज पुढे गेलेला नाही, असं धरून चाला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला तिथे उभे राहा.

तुमच्या मसुद्याचं जवळजवळ दीड पान या ८ जूनच्या नकारावर आहे. जुन्या कंपनीला लिहायच्या पत्रातून ते काढून टाका. तिथल्या माणसाला एवढंच हवं असतं: ‘ही बाब नवीन सेवा देणाऱ्या कंपनीची आहे’ असं एक वाक्य लिहून तुमचं आख्खं पत्र निकालात काढायचं.

आता १० जूनचा नकार. हा मात्र जुन्या कंपनीच्या दप्तरातून आलेला आहे. तो समजण्यासाठी कोड कुठून येतो ते माहीत हवं, कारण ‘मला नवीन कोड द्या’ असं पत्र बहुतेक जण चुकीच्या समजुतीवर लिहितात. पूर्वी हा कोड जुनी कंपनीच तयार करायची. १६ डिसेंबर २०१९ पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे बदललेले नियम लागू झाले आणि ते काम कंपनीच्या हातून गेलं. आता तुम्ही १९०० वर एसएमएस केला की पोर्टिंगचं काम पाहणारी, परवाना असलेली तिसरी संस्था जुन्या कंपनीच्या सिस्टीमला त्याच क्षणी विचारते की हा नंबर जायला मोकळा आहे का. सिस्टीम ‘हो’ म्हणाली तर ती संस्था कोड तयार करून पाठवते, ‘नाही’ म्हणाली तर कारण पाठवते. म्हणजे तुमच्या कंपनीकडे द्यायला कोड नाहीच. तिच्याकडे आहे ते ‘हो’ किंवा ‘नाही’. पत्रात तुम्हाला मागायचंय ते एवढंच, की तुमच्या नोंदीतलं ‘नाही’ कशामुळे आहे ते सांगा आणि ते दुरुस्त करा. ते झालं की कोड तुम्हीच एका एसएमएसनं मागवता.

‘नाही’ म्हणायला कंपनीला मोकळं रान नाही. कारणं ठरलेली आहेत. पोस्टपेडच्या बिलाची मुदत उलटूनही बाकी राहिलेली असणं. नंबर सुरू होऊन किंवा मागच्या पोर्टिंगला नव्वद दिवस न होणं. नंबर दुसऱ्याच्या नावावर करायचा अर्ज मध्येच अडकलेला असणं. करारातली एखादी अट पूर्ण व्हायची राहिलेली असणं. नंबरवरून कोर्टात काही चालू असणं. १ जुलै २०२४ पासून त्यात आणखी एकाची भर पडली: सिम हरवलं किंवा बिघडलं म्हणून बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. ही अट सिम बदलून नंबर पळवणाऱ्या भामट्यांसाठी आहे. नुसतं थ्रीजीचं सिम देऊन फोरजी-फाइव्हजीचं घेतलं असेल तर ती लागत नाही. ‘साहेब, तुम्ही जुने ग्राहक आहात, जाऊ नका’ हे यात कुठेच बसत नाही.

तुमचं कारण यातलं पहिलं आहे. तुम्ही जोडलेलं बिल आणि पावती मी शेजारी शेजारी ठेवून बघितली. १८ मेचं बिल आहे ७०६ रुपये ८२ पैशांचं, भरायची मुदत ५ जून. पावती ४ जूनची, म्हणजे वेळेत आहे. रक्कम बघा मात्र: ७०० रुपये. सुटे सोडून दिलेत ना? आपल्या हिशेबात ते बिल भरलेलं असतं. सिस्टीमच्या हिशेबात ६ रुपये ८२ पैसे बाकी आहेत, आणि ५ जूनची रात्र उलटली की ती ‘थकबाकी’ होते.

‘मग २ जूनला कोड कसा मिळाला, तेव्हा तर एक पैसाही भरला नव्हता’, असं तुम्ही मसुद्यात विचारलंय आणि त्यालाच कंपनीच्या लबाडीचा पुरावा मानलंय. तो पुरावा उलट बाजूचा आहे. २ जूनला बिल येऊन पडलेलं होतं, पण मुदत संपलेली नव्हती. नियमात अडतं ते मुदत उलटलेलं बिल. त्यामुळे २ तारखेला पूर्ण ७०६ रुपये देणं असूनही सिस्टीमनं ‘हो’ म्हटलं, आणि १० तारखेला सात रुपयेही बाकी नसताना ‘नाही’. विचित्र वाटतं खरं, पण दोन्ही उत्तरं नियमाला धरून आहेत.

कॉल सेंटरच्या तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्याचंही मूळ बहुधा इथेच असावं. त्यांच्या पडद्यावर साधारण दोन आकडे असतात. एक मुदत उलटलेली बाकी, आणि दुसरा आजवरच्या वापराचा, अजून बिल न झालेला. एकानं ‘सात रुपये’ म्हटलं, दुसऱ्यानं ‘साडेतीनशेच्या आसपास’ म्हटलं, तिसऱ्यानं ‘पूर्ण बिल येईपर्यंत थांबा’ म्हटलं. यातला दुसरा आकडा पोर्टिंगला आडवा येऊ शकत नाही. बिलच निघालेलं नाही, मग थकबाकी कसली? आणि तिसऱ्या माणसाचं ऐकलंत तर दर महिन्याला थांबतच राहाल, कारण पोस्टपेडमध्ये पुढचं बिल नेहमीच येऊ घातलेलं असतं.

म्हणून पत्राच्या आधी उरलेले पैसे भरा. १८ तारखेला तुमचं नवं बिल निघालं असेल आणि त्यात ‘मागील बाकी’ म्हणून हे ६ रुपये ८२ पैसे, कदाचित विलंब आकारासकट, दिसतील. सगळ्यात सुटसुटीत म्हणजे नवं बिल शेवटच्या पैशापर्यंत भरून टाका. तेवढे पैसे आत्ता हाताशी नसतील तर निदान मागील बाकी आणि विलंब आकार भरा. नव्या बिलाची मुदत उलटेपर्यंत तुम्हाला मोकळी वाट आहे. भरताना वरच्या रुपयात पूर्ण करा. चार पैसे जास्त गेले तर पुढे वळते होतात, चार पैसे कमी गेले तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. पैसे कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा दुकानात भरलेत तर बरं. बाहेरच्या ॲपमधून भरलेले पैसे कधीकधी खात्यावर चढायला वेळ लागतो, आणि आपल्या हातात ‘यशस्वी’ अशी पावती असल्यामुळे आपण निर्धास्त असतो. ॲपमध्ये मुदत उलटलेली बाकी शून्य दिसली की मगच पुढचं पाऊल उचला, नुसत्या पावतीवर जाऊ नका.

शून्य दिसल्यावर त्याच नंबरवरून पुन्हा एसएमएस करा:

```
PORT 98XXXXXXXX
```

हा जातो 1900 वर. PORT, मग एक जागा सोडून तुमचा दहा आकडी नंबर. कोड आला तर तो एसएमएस जपून ठेवा, त्यातली मुदत वाचा आणि शक्यतो त्याच दिवशी दुकान गाठा. आधीचा कोड वाया गेला म्हणून दुसरा मागायला कोणाची परवानगी लागत नाही. एकदा अर्ज नाकारला म्हणून नंबरवर काही शिक्काही बसत नाही.

खरं सांगायचं तर दहापैकी निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच संपतात आणि पत्राची वेळ येत नाही. पण बाकी शून्य असूनही ‘थकीत बिल’ म्हणूनच नकार आला, तर मात्र पत्र हवंच. तेव्हा ते असं असू द्या.

---

दिनांक : ……

प्रति,
तक्रार निवारण केंद्र,
(कंपनीचे नाव), महाराष्ट्र व गोवा परिमंडळ

विषय : पोस्टपेड क्रमांक ९८……… साठी पोर्टिंग कोड नाकारल्याचे लेखी कारण मिळणे व नोंद दुरुस्त होणे. (तक्रार क्र. ……)

महोदय,

वरील क्रमांक माझ्या नावावर असून माझा खाते क्रमांक …… आहे. दि. …… रोजी सकाळी ११.२० वाजता मी या क्रमांकावरून १९०० वर पोर्टिंगची विनंती पाठवली. ११.२४ वाजता आलेल्या एसएमएसनुसार थकीत बिलाच्या कारणावरून कोड नाकारण्यात आला. त्या एसएमएसची प्रत सोबत जोडली आहे.

दि. १८ मे रोजीचे बिल (क्र. ……, रक्कम रु. ७०६.८२, भरण्याची मुदत ५ जून) मी पूर्ण भरले आहे. त्यापैकी रु. ७०० दि. ४ जून रोजी व उरलेली रक्कम दि. …… रोजी भरली. दोन्ही पावत्या सोबत आहेत. दि. …… रोजी आपल्या ॲपमध्ये मुदत उलटलेली बाकी शून्य दिसत होती, त्याचे चित्रही जोडले आहे.

तरी कृपया खालील बाबी लेखी कळवाव्यात :

१. कोणत्या बिलापोटी, किती रक्कम आणि कोणत्या मुदतीची थकबाकी आपल्या नोंदीत आहे?

२. माझी वरील दोन्ही देयके माझ्या खात्यावर कोणत्या तारखेला जमा झाली?

३. थकबाकीव्यतिरिक्त दुसऱ्या कोणत्याही कारणामुळे हा क्रमांक पोर्टिंगसाठी अपात्र आहे काय? असल्यास ते कारण.

थकबाकी नसल्यास ही नोंद तातडीने दुरुस्त करून, तसे झाल्याची तारीख मला कळवावी. त्यानंतर मी नवीन कोडसाठी १९०० वर पुन्हा विनंती पाठवीन. दुरुस्तीनंतरही कोड नाकारला गेल्यास त्याचे कारण या तक्रारीच्या उत्तरातच नमूद करावे, ही विनंती.

आपला,
(खातेदाराचे नाव व सही)

सोबत : नकाराच्या एसएमएसची प्रत, बिल, दोन पावत्या, ॲपमधील बाकीचे चित्र.

---

तुमच्या मसुद्याशी ताडून बघा. ‘अकरा वर्षांचा विश्वास’ गेला, ‘मानसिक त्रास’ गेला, रेंज येत नाही हेही गेलं. तुम्ही कंपनी का सोडताय हे कोणालाही सांगायची गरज नाही, आणि सांगितलंत की पत्र ग्राहक टिकवणाऱ्या विभागाकडे वळतं. मग चार दिवस सवलतीचे फोन येत राहतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

तीन प्रश्नांतला पहिला मुद्दाम असा विचारला आहे की त्याला ‘आपली थकबाकी आहे’ एवढं उत्तर पुरणार नाही. बिलाचा क्रमांक, रक्कम आणि मुदत लिहायला कोणीतरी खातं उघडून बघावंच लागतं, आणि निम्म्या चुका बघितल्या की तिथल्या तिथे सुटतात. दुसऱ्या प्रश्नातून पैसे उशिरा चढले का, की दुसऱ्याच खात्यावर गेले, ते कळतं. एका घरात दोन-तीन पोस्टपेड नंबर एकाच खात्याखाली असले की हा घोळ होतो. बायकोच्या नंबरवर भरलेले पैसे आणि तुमच्या नंबरवरची बाकी, दोन्ही खरी असतात. तिसरा प्रश्न सोडून देऊ नका. तो नसेल तर थकबाकी मिटते, तुम्ही एसएमएस करता, आणि नवंच काहीतरी निघतं. पूर्वी एकदा एका ग्राहकाचं असंच झालं होतं. बिल मिटवून तो निश्चिंत झाला आणि मग कळलं की वडिलांच्या नावावरचा नंबर स्वतःच्या नावावर करायचा त्याचा अर्ज तीन महिने कुठल्याशा फाइलीत अडकलाय, आणि तो मार्गी लागेपर्यंत पोर्टिंग नाही. म्हणून हे आधीच विचारून घ्यायचं. तुमचा नंबर तुमच्याच नावावर आहे ना, तेही बघून घ्या. पत्रावर सही खातेदाराचीच लागते, वापरणाऱ्याची नव्हे.

पत्रात कोड लिहू नका, जुना शिळा असला तरी. आधारची प्रतही लावू नका, खाते क्रमांक आणि सही पुरते. आणखी एक, तक्रार केल्यानंतर कोणी फोन करून ‘तुमचं पोर्टिंग करून देतो, आलेला कोड सांगा’ म्हणालं तर फोन ठेवा. तो कोड म्हणजे तुमचा नंबर दुसरीकडे न्यायची किल्ली आहे. कंपनीला तो तुमच्याकडून ऐकायची गरज नसते. तो फक्त नव्या कंपनीच्या अर्जावर लागतो.

आता पत्र कुठे द्यायचं. तुमच्या मसुद्यावर ‘नोडल अधिकारी’ लिहिलंय. तो मधला टप्पा २०१२ च्या नियमांनी काढून टाकला. आता दोनच पायऱ्या आहेत: कंपनीचं तक्रार केंद्र आणि त्यावर कंपनीचंच अपील प्राधिकरण. म्हणून आधी १९८ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तो एसएमएसवर येतो, तो आल्याशिवाय तक्रार नोंदली असं समजू नका. मग तोच क्रमांक विषयाच्या ओळीत टाकून वरचं पत्र कंपनीच्या तक्रारीच्या ईमेलवर पाठवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. क्रमांक नसलेलं पत्र ‘सूचना’ म्हणून कुठेतरी पडतं, क्रमांक असलेल्या पत्राला तारीख लागते. तीन वेळा फोन केलेत, त्यातल्या एकाही वेळेचा क्रमांक तुम्ही कळवलेला नाही. मिळालाच नसेल, तर कंपनीच्या लेखी तुम्ही अजून तक्रार केलेलीच नाही.

उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर तीस दिवसांच्या आत अपील करा. त्याला शुल्क नाही, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. अपील प्राधिकरणाचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, ट्रायच्या tccms.trai.gov.in या संकेतस्थळावरही सगळ्या कंपन्यांचे एकत्र मिळतात. अपिलात नवं काही लिहू नका. वरचंच पत्र, त्याखाली तक्रार क्रमांक, आलेलं उत्तर आणि ‘प्रश्न क्रमांक १ व २ अनुत्तरित’ एवढी एक ओळ.

थेट ट्रायला पत्र पाठवायचं तुमच्या मनात आहे, ते सोडा. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. तुमचं पत्र फार तर कंपनीकडेच पुढे जाईल. मसुद्याच्या शेवटी दंडाची धमकी आहे, तीही नको. चुकीच्या कारणानं पोर्टिंग नाकारलं तर दर प्रकरणामागे दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे हे खरं, पण तो पैसा तुमच्याकडे येत नाही, आणि तुमच्या प्रकरणात तर १० जूनचा नकार चुकीचा नव्हताच. सात रुपये भरायच्या आधी ही धमकी दिली असतीत, तर पहिल्याच उत्तरात पत्र उलटलं असतं. बाकी शून्य असूनही अडवणूक चालूच राहिली आणि अपीलही वाया गेलं, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. मोबाइल कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सात रुपयांसाठी तिथवर जाल असं मला वाटत नाही.

एक शेवटचं, पोर्टिंग झाल्यानंतरचं. कोड मिळून नंबर नव्या कंपनीत गेला की जुन्या कंपनीचं अखेरचं बिल येईल: १८ जूनपासून नंबर सुटेपर्यंतच्या वापराचं. ते साध्या एसएमएसनं किंवा ईमेलवर येतं आणि ॲप तोवर आपण काढून टाकलेलं असतं. ते बुडवलंत तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवते आणि नवी कंपनी तुमचा नंबर बंद करू शकते. मग नव्या कंपनीचं बिल वेळेवर भरूनही फोन मुका. म्हणून नंबर सुटला की आठवड्याभरात ईमेल उघडून ते बिल शोधा, आणि या वेळी पैशांसकट भरा.